शास्त्राच्या प्रश्नपत्रिकेतील इंग्रजीचे अडसर

(जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शिक्षक, शिक्षण विभागातील अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर.)



खानदेशातील पुष्कळशा मुलांची गोष्ट अशी की, घरी ती अहिराणी बोलतात. रावेर-यावल भागात लेवा बोली बोलतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर आणि चोपड्याच्या बाजूस, पावरी वा भिलोरी बोलतात. शाळेत गेल्यावर ती प्रमाण मराठी शिकतात आणि दहावीपर्यंतचे शास्त्र त्याच भाषेत वाचतात. पुढे अकरावीस विज्ञान शाखेत प्रवेश घेतला की पुस्तक इंग्रजी, फळ्यावरचे लेखन इंग्रजी आणि लेखी परीक्षेतील प्रश्नही इंग्रजी. इंग्रजीला आपण दुसरी भाषा म्हणतो. परंतु या मुलांच्या दृष्टीने ती पुष्कळदा तिसरी भाषा असते.

बारावीच्या भौतिकशास्त्राची लेखी परीक्षा ७० गुणांची आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचे असते. प्रात्यक्षिकात मुलाच्या हातात उपकरण असते, शिक्षक जवळ असतात, अडले तर मराठीत विचारता येते. लेखी प्रश्नपत्रिकेपुढे मात्र तो एकटाच असतो. तेथे कोणता अडसर उभा राहतो आणि तो कसा दूर करावा, एवढ्याच विषयासंबंधी आज मी आपणांशी बोलणार आहे.

पारिभाषिक शब्दांचे भय अवास्तव आहे

सामान्य समजूत अशी की, शास्त्राचे इंग्रजी अवघड वाटते ते त्यातील मोठमोठ्या पारिभाषिक शब्दांमुळे. ही समजूत फारशी खरी नाही. ‘अ‍ॅक्सिलरेशन’ म्हणजे त्वरण, ‘कॅटॅलिस्ट’ म्हणजे उत्प्रेरक, ‘फोटोसिंथेसिस’ म्हणजे प्रकाशसंश्लेषण, हे विद्यार्थी दोनचार महिन्यांत शिकून जातो. असा शब्द धड्यात ठळक छापलेला असतो, त्याची व्याख्या दिलेली असते, शिक्षक तो पुनःपुन्हा उच्चारतात. शासनाच्या भाषा संचालनालयाची स्थापना १९६० साली झाली. त्याने निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषा कोशही सिद्ध केले आहेत. पारिभाषिक शब्द अडला तर तो पाहण्यास जागा आहे.

परंतु ‘अनलेस’, ‘हेन्स’, ‘बाय’, ‘टू’, ‘एक्सेप्ट’, ‘रिस्पेक्टिव्हली’ या शब्दांची व्याख्या कोणत्याही धड्यात नसते आणि परिभाषा कोशात ते शोधण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. सर्वांना ते येतात असे शिक्षक गृहीत धरतात, आणि आपल्याला ते येत नाहीत याची विद्यार्थ्यालाही पुष्कळदा जाणीव नसते. मोठा शब्द अडला की विद्यार्थी निदान थांबतो. लहान शब्द चुकला की तो न थांबता चुकीच्या रस्त्याने पुढे जातो. म्हणून खरा धोका लहान शब्दांत आहे.

ही अडचण केवळ आपलीच आहे असेही नाही. ग्लासगो येथील जॉन्स्टन व कॅसल्स या रसायनशास्त्राच्या अध्यापनाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी शास्त्राच्या पुस्तकांत येणारे साधे, अपारिभाषिक शब्द विद्यार्थ्यांना कितपत कळतात याची पाहणी केली आणि १९८० ते १९८५ च्या सुमारास तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे अशी मुलेही या शब्दांवर मोठ्या प्रमाणात अडखळतात, असे त्यांना आढळले. शास्त्रीय आशय तोच ठेवून प्रश्नाची शब्दरचना सोपी केली, नकारार्थी वाक्य होकारार्थी केले, तर बरोबर उत्तरे देणाऱ्यांची संख्या वाढते हेही त्यांनी दाखविले. जेथे इंग्रजी मातृभाषा आहे तेथे ही स्थिती, तर चोपडा वा साक्री तालुक्यातील मुलाची काय असेल याची कल्पना आपण करू शकतो.

ओळखीचे शब्द अधिक फसवितात

लहान शब्दांचा पहिला वर्ग म्हणजे जे शब्द मुलाला आधीपासून माहीत आहेत, परंतु वेगळ्या अर्थाने. मराठी बोलताना आपण पुष्कळ इंग्रजी शब्द वापरतो आणि वापरता वापरता त्यांचा एकच अर्थ आपल्या मनात पक्का बसतो. ‘युनिफॉर्म’ म्हटले की मुलाच्या डोळ्यांपुढे गणवेश येतो. भौतिकशास्त्रात ‘युनिफॉर्म व्हेलॉसिटी’ म्हणजे एकसारखा, न बदलणारा वेग. ‘नॉर्मल’ म्हणजे त्याच्या मते नेहमीचे, ठीकठाक. परंतु प्रकाशाच्या प्रकरणात ‘नॉर्मल टू द सरफेस’ म्हणजे पृष्ठभागास लंब रेषा. ‘रेट’ म्हणजे बाजारातील भाव; रसायनशास्त्रात मात्र अभिक्रिया किती वेळात किती होते, तो वेग. ‘स्टेट’ म्हणजे राज्य. पदार्थाच्या बाबतीत ‘स्टेट’ म्हणजे अवस्था, आणि प्रश्नाच्या आरंभी ‘स्टेट’ आले तर ‘सांगा’ अशी आज्ञा. एकाच प्रश्नपत्रिकेत हा शब्द दोन अर्थांनी येऊ शकतो.

यापेक्षाही फसवा शब्द म्हणजे ‘इन्फ्लेमेबल’. शब्दाच्या आरंभी ‘इन’ आले की नकार होतो, असे मुलांनी व्याकरणात शिकलेले असते. ‘करेक्ट’ आणि ‘इन्करेक्ट’ ही जोडी त्यांना पाठ असते. त्यामुळे ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे असा तर्क विद्यार्थी करतो. वस्तुतः त्याचा अर्थ ज्वालाग्राही, सहज पेट घेणारे, असा आहे. ‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’ यांचा अर्थ एकच. धुळ्यावरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गावरील तेलाच्या टँकरांवर हा शब्द वाचावयास मिळतो. टँकरवर तो का लिहिला असेल, एवढा प्रश्न वर्गात विचारला तर व्याकरणाच्या नियमापेक्षा तो अर्थ अधिक काळ लक्षात राहील.

अशा शब्दांची यादी फार लांब नाही. प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने आपल्या पुस्तकातून असे तीसचाळीस शब्द निवडून, बाजारातील अर्थ एका बाजूस आणि शास्त्रातील अर्थ दुसऱ्या बाजूस, असे वहीत लिहून घेतले तर बहुतेक काम होते.

‘ने’ आणि ‘वर’

दुसरा वर्ग इंग्रजीच्या शब्दयोगी शब्दांचा. मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दाच्या शेवटी चिकटून येतात. इंग्रजीत त्यांचे काम करणारा शब्द सुटा आणि आधी येतो. तो इतका लहान असतो की वाचताना नजर त्यावरून घसरते.

एक उदाहरण घेऊ. स्थिर दाबाखाली एका वायूचे आकारमान ३०० केल्व्हिन तापमानास २ लीटर आहे. एका प्रश्नात म्हटले आहे, ‘टेम्परेचर इज रेज्ड टू ६०० केल्व्हिन’. दुसऱ्यात म्हटले आहे, ‘टेम्परेचर इज रेज्ड बाय ६०० केल्व्हिन’. पहिल्यात नवे तापमान ६०० केल्व्हिन झाले. ते मूळच्या दुप्पट आहे, म्हणून चार्ल्सच्या नियमाप्रमाणे आकारमानही दुप्पट, म्हणजे ४ लीटर होईल. दुसऱ्यात तापमान ६०० केल्व्हिनने वाढले. मूळचे ३०० मिळविले की नवे तापमान ९०० केल्व्हिन, म्हणजे तिप्पट, आणि आकारमान ६ लीटर. नियम तोच, सूत्र तेच, आकडेही तेच. केवळ ‘टू’ आणि ‘बाय’ यांच्या फरकाने उत्तर ४ चे ६ झाले. चार्ल्सचा नियम पूर्ण समजलेला विद्यार्थीही येथे गुण गमावतो, आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्यास वाटते की त्याला नियमच कळला नाही.

हा भेद शिकविण्यास व्याकरणाचे पुस्तक लागत नाही. विहिरीचे पाणी पाच फुटांनी उतरले आणि विहिरीचे पाणी पाच फुटांवर आले, या दोन वाक्यांतील अंतर खानदेशातील कोणत्याही शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. ‘ने’ म्हणजे किती बदलले. ‘वर’ म्हणजे कोठे येऊन थांबले. ‘बाय’ म्हणजे ‘ने’ आणि ‘टू’ म्हणजे ‘वर’, एवढी जोडी एकदा लावून दिली की ‘रिड्यूस्ड टू वन-थर्ड’ आणि ‘रिड्यूस्ड बाय वन-थर्ड’ यांतही तो चुकणार नाही. ६ लीटर पाणी तिसऱ्या हिश्शावर आले तर २ लीटर उरते. तिसऱ्या हिश्शाने घटले तर ४ लीटर उरते. ज्ञान त्याच्याजवळ होतेच; फक्त इंग्रजीतील खुंटी दाखवून द्यावयाची होती.

आज्ञार्थी क्रियापद काय मागते

तिसरा वर्ग प्रश्नातील आज्ञेचा. इंग्रजी प्रश्नाच्या आरंभी जे क्रियापद येते ते उत्तराची जात आणि लांबी ठरविते. मराठी माध्यमात मुलाने ‘व्याख्या लिहा’, ‘शास्त्रीय कारणे द्या’, ‘फरक स्पष्ट करा’, ‘टीप लिहा’ असे प्रश्न वर्षानुवर्षे सोडविलेले असतात. कोणत्या प्रश्नास किती आणि कशा प्रकारचे उत्तर लिहावे याची त्याला उत्तम जाण असते. अकरावीत ही जाण हरवत नाही; ती कोठे लावावी हे फक्त कळत नाही.

‘डिफाइन’ म्हणजे व्याख्या लिहा. एक नेमके वाक्य पुरे. ‘स्टेट’ म्हणजे नियम वा सत्य आहे तसे सांगा. कारण देण्याची गरज नाही. ‘एक्सप्लेन’ म्हणजे कारणासह स्पष्ट करा. येथे नुसता नियम लिहून भागत नाही. ‘डिस्टिंग्विश बिट्वीन’ म्हणजे फरक स्पष्ट करा. एका मुद्द्यावर दोन्ही गोष्टींची समोरासमोर तुलना हवी. एका बाजूस रंग आणि दुसऱ्या बाजूस वजन लिहिले तर ती तुलना होत नाही. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हिंदीत ‘व्याख्या’ म्हणजे स्पष्टीकरण, तर मराठीत ‘व्याख्या’ म्हणजे थोडक्यात नेमका अर्थ. आपल्या भागातील जी मुले हिंदी मार्गदर्शिका किंवा हिंदीतील शिकवण्या यांचा आधार घेतात, त्यांचा ‘डिफाइन’ आणि ‘एक्सप्लेन’ यांत गोंधळ होण्याचे हे एक कारण आहे.

या आज्ञांमध्ये सर्वांत दुर्लक्षित शब्द ‘हेन्स’ हा होय. बारावीच्या भौतिकशास्त्रातील परिचित प्रश्न घ्या: साध्या लंबकाच्या आवर्तकालाचे सूत्र मिळवा, ‘हेन्स’ सेकंद लंबकाची लांबी काढा. ‘हेन्स’ म्हणजे ‘यावरून’. पहिल्या भागात जे मिळाले तेच वापरून दुसरा भाग सोडवावयाचा आहे, असा त्याचा अर्थ. सूत्र असे:

T = 2π√(L/g)

सेकंद लंबक म्हणजे ज्याचा आवर्तकाल २ सेकंद असतो तो लंबक. त्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्यास १ सेकंद लागतो आणि परत येण्यास आणखी १ सेकंद. सूत्रात T = 2 घातले की L = g/π² असे मिळते. g ची किंमत ९.८ धरली तर लांबी सुमारे ०.९९३ मीटर, म्हणजे एक मीटरला थोडी कमी, येते.

या एका ओळीत विद्यार्थी तीन ठिकाणी चुकू शकतो आणि तिन्ही चुका भाषेच्या आहेत. ‘सेकंड्स पेंड्युलम’ म्हणजे दुसरा लंबक असे समजून तो पहिला लंबक कोणता हे शोधू लागतो. किंवा सेकंद लंबक म्हणून आवर्तकाल १ सेकंद धरतो. मग लांबी सुमारे ०.२५ मीटर येते. किंवा ‘हेन्स’कडे दुर्लक्ष करून तो पाठ केलेली लांबी नुसती लिहून टाकतो आणि पायऱ्यांचे गुण गमावतो. शिक्षकाने उत्तरपत्रिका पाहताना यांतील कोणती चूक झाली हे ओळखले पाहिजे. उत्तर ०.२५ आले असेल तर गणित बरोबर असून शब्द चुकला आहे, हे तेथेच कळते. अशा मुलाला पुन्हा सूत्राची सिद्धता शिकविणे म्हणजे दोघांचाही वेळ फुकट घालविणे होय.

नकाराची जागा

चौथा वर्ग नकाराचा. आणि माझ्या मते हाच सर्वांत अवघड आहे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि त्याला लागून नकार येतो. वाक्य संपता संपता ‘नाही’ कानावर पडते. ते विसरता येत नाही. इंग्रजीत नकार वाक्याच्या मध्यावर येतो, कधी शब्दाच्या आरंभी ‘अन’ होऊन चिकटतो, कधी शेवटी ‘लेस’ होऊन येतो, तर कधी ‘अनलेस’ किंवा ‘एक्सेप्ट’ या शब्दांच्या पोटात दडतो. लांब वाक्य वाचून संपेपर्यंत मधला नकार मनातून निसटलेला असतो.

आपल्या परिसरातील एक नमुन्याचा प्रश्न मी तयार केला आहे. तो वनस्पतींच्या संप्रेरकांवरील असून तीन गुणांचा आहे, असे समजा: ‘अनराइप बनानाज शुड नॉट बी स्टोअर्ड विथ राइप वन्स अनलेस अर्ली रायपनिंग इज डिझायर्ड. एक्सप्लेन.’

रावेर वा यावल तालुक्यातील मुलाला केळी कशी पिकतात हे पुस्तकापूर्वी माहीत असते. तरीही हा प्रश्न त्याला अडवू शकतो, कारण यात तीन नकार आहेत: ‘अनराइप’मधला, ‘नॉट’ आणि ‘अनलेस’मधला. हा प्रश्न कसा सोडवावा ते क्रमाने पाहू.

प्रथम आज्ञा शोधावी. ती शेवटी आहे: ‘एक्सप्लेन’. म्हणजे कारण मागितले आहे. गुण तीन आहेत, म्हणजे एका वाक्याने भागणार नाही.

दुसरे काम, नकाराच्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. ‘अनराइप’ म्हणजे कच्ची. ‘शुड नॉट’ म्हणजे नये. ‘अनलेस’ म्हणजे ‘जर नसेल तर’. पुष्कळ मुले ‘अनलेस’चा अर्थ ‘जर’ एवढाच घेतात. तसे केले की वाक्य असे होते: लवकर पिकवायची असतील तर कच्ची केळी पिकलेल्या केळ्यांबरोबर ठेवू नयेत. यावरून पिकलेले फळ शेजारच्या फळाचे पिकणे लांबविते असा उलटाच निष्कर्ष निघतो, आणि विद्यार्थी त्याचीच कारणे जुळवू लागतो. बरोबर वाक्य असे: लवकर पिकवायची नसतील तर कच्ची केळी पिकलेल्यांबरोबर ठेवू नयेत.

तिसरे काम, या मराठी वाक्याचा आपल्या अनुभवाशी ताळा घ्यावा. घरात घडातील एक फणी पिकली की शेजारची भराभर पिकू लागते, हे मुलाने पाहिलेले असते. पहिला अर्थ या अनुभवाच्या विरुद्ध जातो, दुसरा जुळतो. प्रश्नाचा अर्थ आणि अनुभव यांचा मेळ बसत नसेल तर आधी आपल्या वाचनावर शंका घ्यावी, ही सवय मुलांना लावण्यासारखी आहे.

मग उत्तर लिहावे, आणि ते लहान वाक्यांत लिहावे. पिकणाऱ्या केळ्यांतून इथिलीन बाहेर पडते. इथिलीन हे वायुरूप संप्रेरक आहे. ते कच्च्या फळांचे पिकणे लवकर घडवून आणते. पिष्टाची साखर होते, सालीतील हरितद्रव्य नष्ट होऊन पिवळा रंग दिसू लागतो आणि गर मऊ होतो. म्हणून केळी टिकवायची असतील तर ती वेगळी ठेवावीत. लवकर पिकवायची असतील तर मात्र एकत्र ठेवणे उपयोगाचे ठरते. व्यापारी रायपनिंग चेंबरमध्ये बंद जागेत इथिलीन सोडून केळी पिकवितात, ते याच तत्त्वावर.

या उत्तरातील एकत्र ठेवण्याविषयीचे वाक्य पुष्कळ विद्यार्थी लिहीत नाहीत. ‘अनलेस’ने प्रश्नाचे दोन भाग केले आहेत: केव्हा ठेवू नये आणि केव्हा ठेवावे. उत्तरालाही दोन भाग पाहिजेत.

दोष भाषेचा की विषयाचा

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. प्रत्येक चुकीचे खापर इंग्रजीवर फोडणे तितकेच अयोग्य आहे. ज्या मुलाला इथिलीनचे कार्यच माहीत नाही त्याला ‘अनलेस’ शिकवून काही साधणार नाही. म्हणून दोष कोठे आहे हे आधी निश्चित करावे.

त्याची एक सोपी रीत आहे. साठ मुलांच्या वर्गाचे तीस-तीसचे दोन गट करावेत. एकाच आशयाचा प्रश्न पहिल्या गटास मूळच्या अवघड इंग्रजीत आणि दुसऱ्या गटास सोप्या, सरळ इंग्रजीत द्यावा. पुढच्या प्रश्नास गटांची अदलाबदल करावी, म्हणजे एक गट मुळातच हुशार असल्याचा परिणाम निघून जाईल. सोप्या शब्दरचनेत बरोबर उत्तरे स्पष्टपणे वाढली तर अडसर भाषेचा समजावा. दोन्हीकडे सारखीच चुकली तर विषय पुन्हा शिकवावा. एखाद्या मुलाविषयी शंका असेल तर इंग्रजी प्रश्न लिहून झाल्यावर तोच प्रश्न त्याला तोंडी मराठीत, हवे तर अहिराणीत, विचारावा. क्रम मात्र हाच ठेवावा. मराठीत आधी विचारले तर इंग्रजी कळले की नाही हे समजण्याचा मार्गच बंद होतो.

दुसरी मर्यादा वेळेची. परीक्षेत संपूर्ण प्रश्नपत्रिकेचे मनातल्या मनात मराठी भाषांतर करू लागल्यास तीन तास पुरणार नाहीत. भाषांतर आज्ञेचे, नकाराचे आणि ‘टू’, ‘बाय’, ‘हेन्स’ यांसारख्या सांध्याच्या शब्दांचे करावे. पारिभाषिक शब्द इंग्रजीतच राहू द्यावेत.

काही पालक विचारतात की, वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा २०१७ पासून मराठीतूनही देता येते, मग इंग्रजीची चिंता कशाला? सोय चांगली आहे. परंतु भाषांतराविषयी संदिग्धता निर्माण झाल्यास इंग्रजी प्रश्न अंतिम मानला जातो, हा नियम पालकांनी लक्षात ठेवावा. शिवाय दोन वर्षे ‘मोमेंटम’ शिकलेल्या मुलापुढे परीक्षेच्या दिवशी अचानक ‘संवेग’ आला तर तोही परकाच वाटतो. ज्याला मराठी प्रश्नपत्रिका घ्यावयाची असेल त्याने अकरावीपासूनच दोन्ही शब्द जोडीने लिहिण्याचा परिपाठ ठेवावा.

काय करता येईल

या कामास वेगळे अनुदान लागत नाही. राज्यात सन २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. म्हणजे आठवी-नववीच्या मुलाजवळ सांध्याचे शब्द शिकण्याइतकी तयारी असते. जिल्हा परिषदेच्या आणि खाजगी माध्यमिक शाळांतील शास्त्राच्या शिक्षकांनी नववीपासूनच आठवड्यास एक प्रश्न मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत फळ्यावर लिहावा आणि सांध्याच्या शब्दांखाली रेघ ओढून दाखवावी. ‘व्याख्या लिहा – डिफाइन’, ‘कारणे द्या – गिव्ह रीझन्स’, ‘यावरून – हेन्स’ अशा वीसपंचवीस जोड्यांचा एक तक्ता वर्गात लावावा. त्याच्या कागदाचा आणि रंगाचा खर्च ग्रामपंचायतीस जड नाही; पंचायत सदस्यांनी शाळेस भेट दिली तर असा तक्ता आहे किंवा नाही हे विचारावे.

कनिष्ठ महाविद्यालयातील सराव परीक्षांच्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्या प्राध्यापकांना एक विनंती आहे. प्रश्न तपासावयाचा आहे तो शास्त्राचा की इंग्रजीचा, हे स्वतःस विचारून मगच वाक्य लिहावे. पहिल्या सत्रात नकारार्थी प्रश्न टाळावेत; ‘नॉट’ वापरावेच लागले तर ते ठळक अक्षरांत छापावे; दोन नकार एका वाक्यात आणू नयेत. दुसऱ्या सत्रात मात्र मंडळाच्या परीक्षेसारखी रचना हळूहळू आणावी, कारण मुलाला शेवटी त्याच प्रश्नांस तोंड द्यावयाचे आहे. आणि उत्तरपत्रिका परत देताना चुकीच्या उत्तरावर केवळ फुली न मारता, शब्द चुकला असेल तेथे प्रश्नातील त्या शब्दाभोवती वर्तुळ करावे. आपण नियम विसरलो नव्हतो, तर ‘बाय’ऐवजी ‘टू’ वाचले होते, हे मुलास दिसले की पुढच्या वेळी त्याची नजर आपोआप त्या शब्दावर थांबेल.